‘हॅलो मॅम, ओळखलं का?’

‘ताई, मी ६४ वर्षांची, साताऱ्यात राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून रिटायर झाले. अनोळखी नंबरवरून नुसतं हॅलो आलं की मी उत्तरच देत नाही, मुलाने बजावून ठेवलंय. गेल्या महिन्यात असंच एक हॅलो चार दिवस पडून होतं, नंतर कळलं तो माझा जुना विद्यार्थी, आई सिव्हिलला ॲडमिट होती आणि इथे ओळखीचं कुणी नाही म्हणून डब्याचं विचारायचं होतं. फार वाईट वाटलं. दुसरीकडे शेजारच्या काकांनी अशाच एका हॅलोला उत्तर दिलं, ‘ओळखलं का’ वरून सुरू झालं आणि ४०,००० रुपये गेले. मी उत्तर द्यावं की नाही? आणि द्यायचं तर नेमकं काय लिहायचं?’

बाई, (तुम्ही मला ताई म्हणालात पण मी पण झेडपीच्याच शाळेत शिकलेय, शिक्षिका म्हटलं की तोंडात बाईच येतं, चालवून घ्या) उत्तर द्या. मुलाचं चुकीचं नाहीये, त्याला काळजी आहे, पण हॅलोला नमस्कार म्हटल्याने कुणाचे पैसे जात नाहीत. फार तर समोरच्याला एवढं कळतं की हा नंबर चालू आहे आणि इथे माणूस उत्तर देतं, त्यामुळे पुढे असे चार हॅलो जास्त येतील, बस. खात्यातून पैसे जायला तुमच्याकडून अजून काहीतरी बाहेर जावं लागतं, एखादा कोड, एखादा पिन, एखादी फाइल उघडणं, नाहीतर तुम्ही स्वतःच्या हाताने केलेलं पेमेंट. काकांचं बहुतेक हे शेवटचं झालं असणार आणि ते हॅलोमुळे नाही, त्याच्या पुढच्या प्रश्नामुळे झालं.

तो पुढचा प्रश्न म्हणजे ‘ओळखलं का?’

आपल्याकडे या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणं म्हणजे जवळजवळ अपमान. लग्नात कुणी समोर येऊन उभं राहतं, ओळखलंस का म्हणतं, आणि आपण मेंदू पिळून पिळून एखादं नाव काढतो, कारण नाही म्हटलं तर ‘हो बाबा, आता तुम्ही मोठी माणसं’ ऐकायला लागतं. फोनवरचा माणूस नेमकं तेच वापरतो. त्याला तुमच्याबद्दल काही म्हणजे काही माहीत नसतं. तो फक्त विचारतो ओळखलं का, मग म्हणतो ‘विसरलात ना, मला वाटलंच होतं’, आणि आपण ओशाळून म्हणतो, ‘अरे संदीप का तू?’ झालं. त्या क्षणापासून तो संदीप. नाव तुम्ही दिलं, नातं तुम्ही दिलं, संदीपशी तुम्ही एकेरीत बोलता हे तुम्ही दाखवलं. तो म्हणतो, ‘हो ना बाई, नंबर बदलला, जुना फोन पडला’. मग तुम्हीच विचारता, ‘पुण्यातच आहेस ना अजून? बाबांची तब्येत कशी आहे?’ म्हणजे गाव पण दिलं आणि बाबा आजारी आहेत हे पण दिलं, आणि दोन दिवसांनी रात्री मेसेज येतो की बाबांना ॲडमिट केलंय, माझ्या यूपीआयचं लिमिट संपलंय, २०,००० पाठवा, सकाळी परत करतो. तुम्हाला वाटतं ‘याला बाबांचं माहितीये म्हणजे हा संदीपच’. अहो ते तुम्हीच सांगितलं होतं की.

मी हे एवढ्या ठामपणे लिहितेय कारण मी स्वतः यात पडलेय. २६ वर्षं एका बँकेत काउंटरला बसले, दिवसभर लोकांना सांगायचे की ओटीपी कुणाला देऊ नका, आणि रिटायर झाल्यावर सहा महिन्यांत एकाला ‘तू आमच्या वहिनींचा मंदार ना’ म्हणून मोकळी झाले! पैसे गेले नाहीत, पण ते माझ्या हुशारीने नाही. नेट बंद होतं आणि तेवढ्यात वहिनींचाच फोन आला दुसऱ्या कशासाठी तरी. मंदार तेव्हा त्यांच्या शेजारी बसून पोहे खात होता.

तर नियम असं म्हणा हवं तर, पण एकच आहे. रिकाम्या जागा त्याने भरायच्या, तुम्ही नाही. तुम्ही आयुष्यभर पेपर काढलेत, तर अनोळखी हॅलो म्हणजे समोरच्याची परीक्षा आहे असं समजा, प्रश्नपत्रिका तुमची आणि उत्तरं त्याने लिहायची, आणि पेपरात उत्तर फोडायचं नाही.

आता लिहायचं काय. मी हे वापरते, तुम्हाला जसं हवं तसं बदला:

‘नमस्कार. हा नंबर माझ्याकडे सेव्ह नाही. आपण कोण, आपली ओळख कुठली आणि काय काम होतं ते एकाच मेसेजमध्ये लिहून ठेवा. मी सवडीने वाचून नक्की उत्तर देते.’

यात तुमचं नाव नाही हे बघा. ‘मी कुलकर्णी बाई बोलतेय’ असं सुरुवातीला लिहायचं नाही, ज्याला तुम्ही हव्या आहात त्याला तुम्ही कोण ते माहीतच आहे. ‘ओळखलं नाही, सॉरी’ असंही नाही, कारण सॉरी म्हटलं की आपण उगाच अपराधी होतो आणि तो त्यावर चढतो. ‘सेव्ह नाही’ ही साधी वस्तुस्थिती आहे, त्यात कुणाचा अपमान नाही. ‘एकाच मेसेजमध्ये’ हे खऱ्या माणसासाठी आहे, बरीच माणसं संकोचाने नुसतं हॅलो टाकून वाट बघत बसतात, त्यांना वाटतं आधी समोरचं बोललं तर मग विचारावं, तुमच्या डब्यावाल्या विद्यार्थ्याचं तेच झालं असणार. त्याला परवानगी मिळाली की तो सगळं लिहील. आणि ‘सवडीने’ हा शब्द अजिबात काढू नका, कारण फसवणाऱ्याला सवड परवडत नाही. त्याला तुम्ही आत्ता, याच मिनिटाला, कुणाशी न बोलता काहीतरी करायला हव्या असता. ‘नक्की उत्तर देते’ हे मात्र पाळायचं, नाहीतर ते सभ्यपणाचं नाटक होतं.

हा मजकूर दर वेळी टाइप करत बसू नका. व्हॉट्सॲपवर स्वतःला मेसेज करता येतो, तिथे टाकून ठेवा आणि तिथून कॉपी करून पेस्ट करा. यात अजून एक गंमत आहे, तयार मजकूर असला की आपण गप्पांच्या सुरात जात नाही. रात्री पावणेदहाला झोप डोळ्यावर असताना आपलं मन फार मऊ असतं बाई, तेव्हा आपण लिहिलेलं काहीही बरोबर नसतं.

यावर काय येतं ते बघत बसायचं. खरा माणूस जवळजवळ नेहमी तपशील देतो, कधीकधी गरजेपेक्षा जास्तच देतो. ‘बाई मी २००९ च्या सातवीचा, माझी धाकटी बहीण पण तुमच्याकडे होती, आम्ही वडाच्या पलीकडे राहायचो’ असं. आणि अजून एक खूण आहे जी मला फार आवडते, तुमचा मराठी शाळेतला विद्यार्थी तुम्हाला बहुतेक ‘बाई’ म्हणेल, ‘मॅम’ नाही. अर्थात आता सगळेच मॅम मॅम करतात, त्यामुळे हा पुरावा नाही, पण मॅम वाचलं की एक भुवई वर जाऊ द्या. खोटा माणूस तपशील देत नाही, तो तुमचा प्रश्न तुमच्याकडेच परत टाकतो. ‘तुम्हीच सांगा बघू’, ‘एवढ्यात विसरलात’, ‘आवाजावरून ओळखाल, कॉल करू का’. किंवा एकदम डीपी बघून गोड बोलणं सुरू. दोनदा विचारून नाव सांगत नसेल तर तिसऱ्यांदा विचारू नका, ‘काम असेल तर लिहून ठेवा’ एवढं टाका आणि फोन बाजूला ठेवा.

तपशील आले म्हणजे माणूस खरा असंही नाही हं. शाळेचं नाव, बॅचचं वर्ष, निरोप समारंभाचा फोटो, हे सगळं कुठल्यातरी फेसबुक पोस्टवर असतंच, त्यात कोण कुणाच्या शेजारी उभं आहे त्याची नावं पण कुणीतरी हौसेने लिहिलेली असतात. म्हणून तपशील तपासायचा असेल तर त्याच माणसाकडून नाही, बाजूने तपासा. त्या बॅचमधल्या एकाचा तरी नंबर तुमच्याकडे असेल, त्याला साधा फोन करा, ‘अमक्याचा नंबर बदललाय का रे?’ दोन मिनिटांचं काम आहे. ट्रूकॉलरवर नाव दिसतंय म्हणून विश्वास ठेवू नका, तिथलं नाव लोकांनी सेव्ह केलेल्या नावांवरून येतं आणि ज्याला हवं तो स्वतःचं नाव स्वतःही टाकू शकतो. परदेशचा कोड दिसला म्हणून लगेच चोर पण समजू नका, तुमची मुलं दुबईला असतील, जर्मनीला असतील, तिथून +971 किंवा +49 नेच येणार. आणि +91 दिसलं म्हणजे आपलंच माणूस असंही नाही.

आता तो डबा. समजा त्या दिवशी तुम्ही वरचा मजकूर पाठवला असता आणि त्याने लिहिलं असतं की आई सिव्हिलला आहे, डब्याची सोय होईल का. मी असते तर पहिल्यांदा विचारलं असतं, कुठला वॉर्ड, पेशंटचं नाव काय, आईबरोबर आत्ता कोण आहे, आणि काय चालतं खायला, डायबिटीस वगैरे आहे का. हे प्रश्न चौकशी म्हणून उद्धट वाटत नाहीत, कारण डबा द्यायचा तर ते लागतातच, आणि त्याच उत्तरांनी खरं खोटं पण कळतं. मग डबा घेऊन स्वतः वॉर्डात जायचं, जमल्यास कुणाला तरी सोबत घेऊन, घरचा पत्ता द्यायचा नाही, ‘मी माणूस पाठवतो डबा न्यायला’ म्हणाला तर ‘नको, मीच येते बघायला’ म्हणायचं. वॉर्डात त्या नावाची बाई पलंगावर दिसली की विषय संपला. नाही दिसली तर डबा दुसऱ्या एखाद्या पेशंटच्या नातेवाइकाला द्या, सरकारी दवाखान्यात भुकेलं माणूस शोधायला लागत नाही. बघा, तुमचं जास्तीत जास्त नुकसान किती, चार पोळ्या आणि भाजी. मदत अशीच असली पाहिजे की फसलो तरी पोळीभाजीपर्यंतच फसू.

पैशाची गोष्ट निघाली की मात्र वेगळं. खऱ्याखुऱ्या माणसालाही पैशाची गरज असते, त्यामुळे पैसे मागितले म्हणजे चोर असं मी म्हणणार नाही, पण पैसे कुठल्या वाटेने जातात ते तुम्ही ठरवा. औषधं हवीत ना, मेडिकलचं बिल पाठव, मी जाऊन दुकानात भरते. डिपॉझिट भरायचंय ना, मी काउंटरला येते, पावती पेशंटच्या नावाने करू. खरा माणूस म्हणेल ‘बाई तुम्ही एवढं करताय, या ना’. दुसरा म्हणेल ‘इथे कार्ड चालत नाही, काउंटर बंद आहे, हा क्यूआर स्कॅन करा’. क्यूआर आला की थांबायचं. आणि हे एक पाठ करून ठेवा, पैसे मिळायला कधीच यूपीआय पिन टाकावा लागत नाही, पिन टाकला म्हणजे तुमचे पैसे निघाले. याचाच चुलतभाऊ म्हणजे ‘चुकून तुमच्या नंबरवर ५,००० गेले, प्लीज परत करा’. मेसेजमध्ये जमा झाल्याचं दिसतं, पण तो एसएमएस कुणीही टाइप करून पाठवू शकतं. बँकेच्या ॲपमध्ये किंवा पासबुकला शिल्लक बघा, खरंच आले असतील तर ‘तुम्ही तुमच्या बँकेत तक्रार करा, मी माझ्या बँकेत सांगते, ते परत करतील’ एवढंच लिहा. यात तुम्ही कुणाचे पैसे ठेवून घेत नाही आहात, फक्त स्वतःच्या हाताने कुठल्यातरी तिसऱ्याच खात्यात टाकत नाही आहात.

एक फार महत्त्वाचं, ते काकांना पण सांगा. हे सगळं अनोळखी नंबरबद्दल झालं, पण ओळखीच्या नंबरवरून आलेलं हॅलो नेहमी ओळखीच्याच माणसाचं असतं असं नाही. व्हॉट्सॲप नव्या फोनवर सुरू करताना सहा आकडी कोड येतो, चोर तुमचा नंबर त्याच्या फोनवर टाकतो, कोड तुमच्या फोनवर येतो आणि मग हॅलोवाला म्हणतो ‘मॅम चुकून माझा कोड तुमच्याकडे आलाय, पाठवता का’. पाठवला की तुमचं व्हॉट्सॲप त्याच्याकडे, आणि मग तुमच्या नावाने, तुमच्या फोटोनिशी, तुमच्या सगळ्या विद्यार्थ्यांना हॅलो जातं. म्हणून व्हॉट्सॲपच्या Settings मध्ये Account मधे Two-step verification आहे ते मुलाकडून चालू करून घ्या, त्यात तुमचा स्वतःचा एक पिन असतो जो कोड चोरला तरी लागतो. आणि ओळखीच्या नंबरवरून अचानक पैसे मागितले तर व्हॉट्सॲप कॉल नाही, साधा फोन लावा. व्हॉट्सॲप चोरीला गेलं तरी सिमकार्ड त्या माणसाच्याच फोनमध्ये असतं, साधा फोन लावला की बहुतेक वेळा खरा माणूसच उचलतो आणि म्हणतो ‘काय? कोणी मागितले?’

बहुतेक वेळा म्हटलं कारण एक युक्ती आहे. ते लोक गोड बोलून आपल्याला *401* नाहीतर *21* ने सुरू होणारा काहीतरी नंबर डायल करायला लावतात, ‘कुरिअरचं कन्फर्मेशन आहे’ वगैरे सांगून, आणि त्याने तुमचे कॉल त्यांच्या फोनवर वळतात. हॅलोच्या पुढे कुणी असं स्टार आणि हॅश असलेलं डायल करायला सांगितलं तर ते कधीच करायचं नाही. चुकून केलं असेल तर *#21# लावून कॉल वळवलेत का ते दिसतं आणि ##002# लावलं की सगळं वळवणं बंद होतं. हे दोन कुठेतरी वहीत लिहून ठेवा, फोनमध्ये नको, कारण लागेल तेव्हा फोनच गडबडीत असणार.

फाइलींचं एका वाक्यात, लग्नाची पत्रिका म्हणून किंवा आरटीओचं चलन म्हणून .apk शेवट असलेलं काही आलं तर ते ॲप आहे, पत्रिका नाही, उघडायचं नाही, आमंत्रण तोंडी चालतं म्हणावं.

आता राँग नंबर. हे मला जरा सांभाळून सांगावंसं वाटतं कारण यात खरी माणसं खूप असतात. आपल्याकडे बंद झालेला नंबर निदान ९० दिवसांनी दुसऱ्याला दिला जाऊ शकतो, म्हणजे तुमचा नंबर आधी कुणाचा तरी असू शकतो आणि त्या माणसाची आई, मित्र, दूधवाला अजून तोच लावतोय. माझ्या बहिणीला नवीन सिम घेतल्यावर कितीतरी दिवस एक आजोबा रोज सकाळी ‘गुड मॉर्निंग बाळा, चहा झाला का’ पाठवायचे. तिने आधी ब्लॉक करायचं ठरवलं, मग नुसतं लिहिलं की ‘आजोबा, हा नंबर आता माझ्याकडे आहे, आधी ज्यांचा होता त्यांनी बदललेला दिसतोय, त्यांच्याशी दुसऱ्या मार्गाने बोलून नवीन नंबर घ्या’. आजोबांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं, दुसऱ्या दिवसापासून बंद. तर राँग नंबरला एकदा नीट, सभ्यपणे सांगायचं, तुमचं नाव गाव न सांगता. बस एकदाच.

कारण दुसऱ्या प्रकारचा राँग नंबर इथूनच सुरू होतो. ‘हॅलो, डॉक्टर लीना ना?’ ‘नाही.’ ‘ओह सॉरी, माझ्या असिस्टंटने चुकीचा नंबर दिला, पण तुम्ही किती नम्रपणे बोललात, तुम्ही कुठल्या?’ हा ‘पण’ लक्षात ठेवा. खऱ्या राँग नंबरला काम असतं, तो सॉरी म्हणून खऱ्या लीनाला शोधायला जातो. ज्याला लीना नकोच असते तो तुमच्याशीच बोलत बसतो, आठवडेच्या आठवडे, जेवलात का, तब्येत कशी, एकदाही पैसे न मागता, आणि मग हळूच सांगतो की त्याच्या मामाने कुठल्यातरी ट्रेडिंग ॲपवर केवढे कमावले. यात एकटी राहणारी, रिटायर झालेली, हुशार माणसं जास्त अडकतात असं मी काउंटरवर पाहिलंय, मूर्ख माणसं नाही. त्यांना पैशाचा मोह नसतो हो, कुणीतरी रोज जेवलात का विचारतंय याचा असतो. तर ‘पण तुम्ही किती छान’ आलं की उत्तर नाही, ब्लॉक. ब्लॉक करताना Report पण करा, तुम्हाला आलेले शेवटचे पाच मेसेज व्हॉट्सॲपकडे जातात आणि समोरच्याला कळवलं जात नाही, म्हणजे उद्धटपणाही होत नाही. सरकारची संचार साथी म्हणून साइट आहे, sancharsaathi.gov.in, तिथे ‘चक्षू’ मध्ये असे संशयास्पद मेसेज आणि कॉल कळवता येतात, पैसे गेलेले नसले तरी.

अनोळखी नंबरचा व्हिडिओ कॉल कधीच घेऊ नका, विद्यार्थी असो की विद्यार्थ्याचा बाप. पलीकडे काहीतरी घाणेरडं लावलेलं असतं आणि तुमचा चेहरा त्याच्या शेजारी दिसतोय असं रेकॉर्ड करून मग पैसे मागतात. आधी लिहून ओळख, मग साधा कॉल, मग हवं तर व्हिडिओ.

अजून एक प्रकारचं हॅलो असतं ज्यासाठी मी दार पूर्ण बंद करू नका म्हणते. शिक्षकांना हे येतं. रात्री साडेअकराला ‘बाई झोपलात का’, आणि मग काहीच नाही. किंवा मुलगी लिहिते की मला घरी राहायचं नाही. तिथे सवडीने वगैरे विसरा. खरं आहे की नाही हे तपासायचं नंतर, आधी ‘मी इथे आहे, लिही’ एवढं टाका, यात तुमचं काही जात नाही. जीव द्यायची भाषा असेल तर टेली-मानस १४४१६, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, तो नंबर तिला द्या आणि ‘आत्ता घरात कोण आहे, त्यांना फोन दे’ असं म्हणा. कुणी मारतंय, धोका आहे असं असेल तर ११२, लहान मूल असेल तर १०९८. आणि ती कुठे आहे हे तुम्हाला कळलं असेल तर ११२ वर तुम्ही स्वतः पण फोन करून सांगू शकता. तिला तुमच्या घरी बोलवू नका, तुम्ही एकट्या तिच्याकडे जाऊ नका, पैसे पाठवू नका. आणि मेसेज जर खोटा निघाला तर निघाला, एक फोन केला, काय बिघडलं.

सेटिंग मुलाला बसवून एकदाच करून घ्या. Privacy मध्ये Profile photo आणि Status हे My contacts वर, Groups पण My contacts वर म्हणजे कुणीही उचलून कुठल्याही ग्रुपात टाकणार नाही. तिथेच Calls मध्ये Silence unknown callers आहे, ते चालू केलं की अनोळखी व्हॉट्सॲप कॉलची रिंग वाजत नाही पण कॉल आला होता हे यादीत दिसतं, म्हणजे तुम्ही सकाळी चहा घेताना बघून तो वरचा मजकूर पाठवू शकता. मला हे सगळ्यात सोयीचं वाटतं, दार बंद नाही आणि बेलही नाही.

काकांचं, पैसे कधी गेले तुम्ही लिहिलं नाहीत. अजून तक्रार केली नसेल तर आजच १९३० ला फोन लावायला सांगा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार, आणि बँकेला लेखी. हे खरं तर पैसे गेल्या गेल्या पहिल्या तासा-दोन तासात करायचं असतं, तेव्हा पैसे पुढच्या खात्यात अडकवता येतात, उशीर झाला की ते चार खात्यांतून फिरून निघून जातात. तरी तक्रार करा, व्यवहाराचा यूटीआर नंबर बँकेच्या ॲपमध्ये असतो तो हाताशी ठेवा. आणि ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो’ म्हणून जो हॅलो आता काकांना येईल ना, येणार म्हणजे येणारच, तो त्याच लोकांचा किंवा त्यांच्या भाऊबंदांचा असतो. त्याला नमस्कारही नको.

त्या विद्यार्थ्याला अजून काही लिहिलं नसेल तर आज लिहा. ‘तुझा मेसेज मी अनोळखी नंबर म्हणून उघडला नाही, चुकलं. आई कशी आहे आता? नंबर सेव्ह केलाय.’ एवढं पुरे. तो मनाला लावून घेणार नाही, घरी गेल्यावर आईला दाखवेल तो मेसेज. आणि पुढच्या वेळी नुसतं हॅलो टाकू नकोस, नाव लिहीत जा, असं पण सांगा त्याला, बाईच आहात तुम्ही त्याच्या.